'मे आय' की 'कॅन आय'? वर्गात इंग्रजीतून परवानगी मागताना

जून महिन्यात सातारा, सांगली, कराड, विटा अशा गावांतल्या मोठ्या शाळांमध्ये आठवीला नवी मुलं येतात. सातवीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि आता एकदम सेमी इंग्रजीचा वर्ग. विज्ञान-गणिताची इंग्रजी पुस्तकं दप्तरात असतात, त्यांची तयारीही सुट्टीत थोडीफार झालेली असते. पण पहिल्या दिवशी लागणारं पहिलं इंग्रजी वाक्य त्या पुस्तकांतलं नसतं. वर्गाच्या दारात उभं राहून आत येण्याची परवानगी मागायची असते. तिथे प्रश्न पडतो की 'मे आय कम इन, सर?' म्हणायचं की 'कॅन आय कम इन, सर?' शेजारचा एक म्हणतो, 'कॅन' चूक आहे. मोबाइलवरच्या इंग्रजी मालिकेत तर सगळी मुलं 'कॅन आय' म्हणत असतात.

मी स्वतः जत तालुक्यातल्या मराठी शाळेतून सांगलीला शिकायला आलो आणि आता इथेच इंग्रजीचे वर्ग घेतो. मुलांना आणि पालकांना हे एकेक करून सांगतो, तसंच इथे लिहितो.

जवळ तीन गोष्टी ठेवा. एक छोटी वही, शिकणाऱ्यांसाठी बनवलेला आणि वापराची वाक्यं दिलेला एखादा इंग्रजी शब्दकोश, आणि स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी घरातला मोबाइल. व्याकरणाचं जाड पुस्तक यासाठी लागत नाही.

## १. आधी सरळ उत्तर

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. 'मे आय' जास्त औपचारिक आणि जास्त अदबीचं आहे. 'कॅन आय' रोजच्या बोलण्यातलं आहे आणि 'प्लीज' जोडलं की वर्गातही सभ्यच ठरतं. आजचे इंग्रजी शब्दकोश 'कॅन'च्या अर्थांमध्ये परवानगी हा अर्थ देतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या वर्गांत मुलं बाहेर जाण्यासाठी सर्रास 'कॅन आय' विचारतात.

मग 'कॅन' चूक हे आलं कुठून? शाळेच्या व्याकरणात एक सोपी विभागणी शिकवली जाते: 'कॅन' म्हणजे क्षमता, 'मे' म्हणजे परवानगी. शिकवायला ती सोयीची आहे, म्हणून टिकली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे, आणि त्या पिढीने ही विभागणी पाठ केलेली आहे. आज पालक किंवा शिक्षक असलेल्या अनेकांच्या कानाला म्हणूनच 'कॅन आय' खटकतं.

भाषेचा इतिहास या विभागणीला फारसा धरून नाही. परवानगीसाठी 'कॅन' वापरणं एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे. आणि खुद्द 'मे'चा जुना अर्थ परवानगी नव्हताच, तो 'सामर्थ्य असणे' असा होता. 'माइट' हा इंग्रजी शब्द नाम म्हणून आजही बळ या अर्थाने वापरतात, तो त्याच कुळातला. सामर्थ्याकडून परवानगीकडे 'मे' आधी गेला, 'कॅन' त्याच वाटेने मागून गेला. त्यामुळे 'कॅन आय' म्हणणाऱ्या मुलाला 'तुला येता येतं का ते तूच बघ' असं उत्तर देऊन वर्गापुढे गप्प करणं मला पटत नाही. मूल काय विचारतंय ते सगळ्यांना कळलेलं असतं.

तरीही आपल्याकडच्या वर्गात नव्या मुलाने सुरुवात 'मे आय'ने करावी, हाच माझा सल्ला आहे. 'मे आय' कुणालाही खटकत नाही. 'कॅन आय' काही शिक्षकांना खटकतं, आणि पहिल्याच आठवड्यात मुलाने तो वाद अंगावर घेण्याची गरज नाही.

## २. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा

बहुतेक चुका 'मे' आणि 'कॅन'च्या निवडीत होतच नाहीत. आपल्याला नेमकं काय विचारायचं आहे, हे न ठरवता इंग्रजी वाक्य सुरू केलं की त्या होतात. म्हणून वाक्य मनात मराठीत म्हणा आणि त्याचा शेवट ऐका.

शेवट 'येऊ का?', 'जाऊ का?', 'बसू का?', 'विचारू का?' असा असेल, तर तुम्ही स्वतः काहीतरी करणार आहात आणि समोरच्याची संमती हवी आहे. इथे 'मे आय' चालतं आणि 'कॅन आय'ही चालतं.

शेवट 'येतं का?', 'जमतं का?', 'दिसतं का?' असा असेल, तर विषय क्षमतेचा आहे. इथे फक्त 'कॅन'. 'तुला पोहता येतं का?' याचं इंग्रजी 'कॅन यू स्विम?' एवढंच होतं, इथे 'मे'ला जागा नाही.

शेवट 'द्याल का?', 'सांगाल का?', 'परत लिहाल का?' असा असेल, तर काम समोरच्याने करायचं आहे. ही परवानगी नाही, विनंती आहे. इथे 'कॅन यू' किंवा 'कुड यू' येतं. 'मे यू' येत नाही. नवी मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती इथे, म्हणून त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

वहीत या तीन शेवटांची तीन पानं करा. आठवडाभर वर्गात जे जे मराठीत विचारलं, ते ते योग्य पानावर लिहा. 'फळा पुसू का?' पहिल्या पानावर. 'मागून दिसतं का?' दुसऱ्या. 'खिडकी उघडता का?' तिसऱ्या. इंग्रजी नंतर लिहायचं.

## ३. 'मे आय'चं वाक्य बांधा

एक उदाहरण पूर्ण घेऊ. खटाव तालुक्यातल्या एका गावातून साताऱ्याच्या शाळेत आलेली आठवीतली मुलगी. तिला तासाला पाणी प्यायला बाहेर जायचं आहे. ती म्हणते, 'सर, आय कॅन गो टू ड्रिंकिंग वॉटर?'

सरांना अर्थ कळतो. पण या वाक्यात 'कॅन' ही अडचण नाहीच. अडचणी दोन आहेत, आणि 'कॅन'च्या जागी 'मे' घातला तरी दोन्ही तशाच राहतात.

पहिली शब्दांच्या क्रमाची. मराठीत 'मी जाऊ का?' म्हणताना 'मी' पुढेच राहतो आणि शेवटी 'का' लागला की प्रश्न होतो. इंग्रजीत 'का'चं काम जागा बदलून होतं. 'आय कॅन' म्हणजे 'मी करू शकते' असं विधान. 'कॅन आय' म्हणजे प्रश्न. 'आय मे कम इन, सर?' म्हटलं तरी तीच गत, ते आपणच आपल्याला परवानगी दिल्यासारखं ऐकू येतं. म्हणून 'मे' किंवा 'कॅन' आधी, 'आय' नंतर. आवाज चढवून 'आय मे'चा प्रश्न करता येईल असं मुलांना वाटतं, पण परवानगी मागताना तसं करू नका.

दुसरी क्रियापदाच्या रूपाची. 'मे आय' किंवा 'कॅन आय'नंतर क्रियापद मूळ रूपात येतं. 'गो', 'कम', 'सिट', 'आस्क'. 'गोइंग' नाही, 'वेंट' नाही, आणि मध्ये 'टू'ही नाही. 'मे आय टू गो' चूक, 'मे आय गोइंग' चूक. या मुलीचं 'गो' बरोबर आहे, पण 'टू ड्रिंकिंग' घसरलं. बाहेर कशासाठी जायचं ते सांगणारा 'टू' चालतो, मात्र त्यानंतरही मूळ रूपच हवं: 'टू ड्रिंक'.

आता वाक्य असं होतं: 'सर, मे आय गो आउट टू ड्रिंक सम वॉटर?' 'सम' राहिला तरी अडत नाही.

अजून अदब हवी असेल तर 'प्लीज' घाला. त्याला दोन जागा आहेत. 'मे आय प्लीज गो आउट?' किंवा शेवटी 'मे आय गो आउट, प्लीज?' सुरुवातीलाच 'प्लीज' म्हटलं तर ते गयावया केल्यासारखं वाटू शकतं. 'सर' किंवा 'मॅडम' एकदाच म्हणा, पुढे किंवा शेवटी. 'सर, मे आय गो, सर, प्लीज, सर' अशी रांग लावली की अदब वाढत नाही, वाक्य तुटतं.

याच साच्यात रोजची चार वाक्यं बसवून ठेवा. 'मे आय कम इन?' 'मे आय सिट हिअर?' 'मे आय आस्क अ क्वेश्चन?' 'मे आय शेअर हर बुक?' पुढे लागेल ते त्यांच्यावरून जुळवता येतं.

## ४. 'कॅन आय' कुठे म्हणायचं

मित्र-मैत्रिणींशी 'कॅन आय'च म्हणा. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीकडे 'मे आय युज युअर पेन?' म्हटलं तर चूक नाही, पण ते मराठीत मैत्रिणीला 'आपली लेखणी वापरण्याची अनुमती आहे का?' विचारल्यासारखं होतं. 'कॅन आय युज युअर पेन?' हेच तिथलं वाक्य.

शिक्षकांशी 'कॅन आय' कधी म्हणायचं, हे ऐकून ठरवा. काही शिक्षक स्वतःच मोकळं इंग्रजी बोलतात, मुलांना 'यू कॅन गो', 'यू कॅन सिट' म्हणतात. तिथे 'कॅन आय, प्लीज' अगदी योग्य. मुख्याध्यापकांच्या खोलीत, तोंडी परीक्षेत, पाहुणे आलेले असताना 'मे आय'वरच राहा.

दोघांच्या मध्ये एक तिसरा आहे, 'कुड आय'. 'कुड आय आस्क अ क्वेश्चन, मॅडम?' हे 'कॅन आय'पेक्षा मऊ आहे आणि 'मे आय'इतकं ताठ नाही. 'कुड' हे 'कॅन'चं भूतकाळी रूप म्हणून शिकवतात, त्यामुळे मुलं बिचकतात. इथे भूतकाळाचा काही संबंध नाही, फक्त सौम्यपणा आहे. 'मे' आणि 'कॅन'च्या वादात पडायचं नसेल, तर मोठ्या मुलांसाठी 'कुड आय' ही उत्तम वाट आहे. 'माइट आय' पुस्तकात भेटेल. ते आता फार क्वचित ऐकू येतं, वर्गात नको.

आणखी एक बारकावा. नियम काय आहे ते विचारायचं असेल, तर 'कॅन' जास्त नैसर्गिक. 'आकृतीला पेन्सिल वापरायची परवानगी आहे का?' हा प्रश्न सरांच्या मर्जीबद्दल नाही, परीक्षेच्या नियमाबद्दल आहे. 'कॅन वी युज अ पेन्सिल फॉर द डायग्रॅम?' म्हणा. 'मे वी' म्हटलं तर परवानगी देणारे सर स्वतःच आहेत, असा सूर येतो. चूक होत नाही, पण फरक कानाला कळू लागला की तुमचं इंग्रजी वाक्यापुरतं राहत नाही.

## ५. 'मे यू' म्हणू नका

'मे आय' पक्कं झालं की मुलं ते सगळीकडे लावतात. 'मे' म्हणजे अदब, असं डोक्यात बसतं. मग सरांना फळ्यावरचं पुन्हा सांगायला सांगायचं असेल तर ती म्हणतात, 'सर, मे यू रिपीट?' भरपूर सराव केलेल्या, मन लावून शिकणाऱ्या मुलांकडूनच हे होतं. म्हणून रागावू नये, कारण सांगावं.

'मे'ने मागितलेली परवानगी स्वतःसाठी असते: मी येऊ का, आम्ही बसू का. समोरच्याला तो स्वतः करणार असलेल्या कामाची परवानगी आपण मागत नाही. 'मे यू'ने सुरू होणारी वाक्यं इंग्रजीत आहेत, पण ती शुभेच्छांची: 'मे यू लिव्ह लाँग', म्हणजे आयुष्मान व्हा. त्यामुळे 'मे यू रिपीट' ऐकणाऱ्याला क्षणभर आशीर्वाद सुरू झाल्यासारखा वाटतो.

बरोबर वाक्य: 'सर, कुड यू प्लीज रिपीट दॅट?' किंवा 'कॅन यू रिपीट दॅट, प्लीज?' शिक्षकांशी 'कुड यू' बरं.

ओळखायची खूण वहीतल्या तिसऱ्या पानावर आहे. मराठीत 'सांगाल का?' आलं की 'यू' येणार, आणि 'यू' आलं की विनंतीत 'मे' नाही. हवं तर तीच गोष्ट स्वतःकडे वळवून घ्या. 'वही द्याल का?' म्हणजे 'कुड यू गिव्ह मी द नोटबुक?' आणि 'वही घेऊ का?' म्हणजे 'मे आय टेक द नोटबुक?' मागणं एकच आहे, काम कोण करणार ते बदललं.

## ६. आवाज

'मे आय कम इन' हे चार वेगळे शब्द नसून जवळजवळ एका ओघात येतात, साधारण 'मेयाय कमिन' असे. 'कॅन आय'ही सलग म्हटलं की 'कनाय'कडे झुकतं. प्रत्येक शब्द ठोकून म्हटला तर वाक्य हुकमासारखं वाटतं. शेवटाकडे आवाज थोडा वर न्या. मोबाइलवर स्वतःचं वाक्य रेकॉर्ड करा आणि घरच्या कुणाला तरी, इंग्रजी येत नसलं तरी, ऐकवा. एवढंच विचारा की मी विचारतोय की सांगतोय. सपाट आवाजातल्या 'मे आय'पेक्षा नीट वर गेलेलं 'कॅन आय, प्लीज' कितीतरी सभ्य वाटतं, आणि हे ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही.

## ७. उत्तर आलं की

सर म्हणतील 'येस, यू मे' किंवा 'येस, यू कॅन' किंवा नुसतं 'येस, कम'. विचारलेल्याच शब्दात उत्तर येईल असं नाही. तुम्ही 'मे आय' म्हणालात आणि ते 'यू कॅन' म्हणाले, तर त्यांनी तुमची चूक सुधारली असं समजू नका.

वर्गप्रमुख असाल आणि तुम्हालाच उत्तर द्यायचं असेल, तर एक लक्षात ठेवा. 'कुड आय?' असं विचारलं तरी उत्तर 'येस, यू कुड' होत नाही. 'येस, यू कॅन' होतं. परवानगी देताना तो सौम्यपणा लागत नाही.

नकार 'नॉट नाउ' किंवा 'नो, प्लीज वेट' असा येईल. 'यू मे नॉट' हा फार कडक नकार आहे. मुलांनी एकमेकांना तो देऊ नये, 'सॉरी, यू कान्ट' पुरतं.

मिळालेली परवानगी दुसऱ्या शिक्षकांना सांगायची असेल, तर प्रश्न उचलून तसाच ठेवू नका. 'मॅडम सेड मे आय गो' चूक. 'मॅडम सेड आय कुड गो' बरोबर. आणि कालची गोष्ट सांगायची असेल, म्हणजे काल मॅडमनी लवकर सोडलं, तर 'आय कुड लीव्ह अर्ली' म्हणू नका. एखाद्या वेळी प्रत्यक्ष मिळालेल्या परवानगीसाठी ते बसत नाही. 'मॅडम अलाउड मी टू लीव्ह अर्ली' म्हणा.

## ८. परीक्षेतला प्रश्न

व्याकरणाच्या प्रश्नात वाक्य देऊन अधोरेखित शब्द काय दाखवतो ते विचारतात: परवानगी, क्षमता, शक्यता. इथे शब्द पाहून उत्तर लिहू नका, वाक्य पाहा. 'मे आय युज युअर पेन?' म्हणजे परवानगी. 'इट मे रेन टुडे' म्हणजे शक्यता, तोच 'मे' असूनही. 'शी कॅन स्पीक इंग्लिश' म्हणजे क्षमता. 'कॅन आय गो होम नाउ?' म्हणजे परवानगी, कारण घरी चालत जाता येतं का असं तिथे कुणी विचारत नाही.

अडलं तर पुन्हा मराठी शेवट लावा: 'जाऊ का' आलं की परवानगी, 'येतं' आलं की क्षमता, 'येईल कदाचित' आलं की शक्यता. रिकाम्या जागी स्वतः शब्द भरायचा असेल, कंसात 'परवानगी' असा निर्देश असेल आणि पर्यायांत 'मे' व 'कॅन' दोन्ही असतील, तर 'मे' लिहा. तपासणाऱ्याकडच्या उत्तरात तो असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही.